‘My contacts’ ठेवूनही लोक ग्रुपमध्ये ॲड करतायत? आधी कॉन्टॅक्टची यादी तपासा

मावशीचा त्या आठवड्यातला तिसरा फोन. “अरे, परत टाकलं मला कुठल्यातरी ग्रुपमध्ये. तू त्या दिवशी सेटिंग करून दिलं होतंस ना?”

करून दिलं होतं. व्हॉट्सॲपमध्ये `Settings`, त्यात `Privacy`, त्यात `Groups`, आणि तिथे `Everyone` काढून `My contacts`. तरी आठ दिवसांत ती गुंतवणुकीच्या टिप्स देणाऱ्या तीन ग्रुपमध्ये होती. प्रत्येक वेळी ती बाहेर पडायची आणि दोन दिवसांनी नव्या नावाचा ग्रुप उगवायचा. तिला वाटलं, सेटिंग आपोआप मूळ जागी जातंय. मी फोन हातात घेऊन पाहिलं, तर सेटिंग जिथल्या तिथे होतं.

ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की आता पहिल्यांदा सेटिंग उघडतच नाही. आधी तो ग्रुप उघडतो. चॅटमध्ये वर, जिथून ग्रुप सुरू होतो तिथे, तुम्हाला कुणी ॲड केलं ते सांगणारी एक छोटी करडी ओळ असते. बाहेर पडायच्या घाईत ती कुणी वाचत नाही. पण निदानाचा सगळा मुद्दा तिच्यात आहे, म्हणून ग्रुप डिलीट करण्याआधी ती जरूर बघा. तिथे नुसता नंबर दिसतो आहे, नावाआधी `~` अशी नागमोडी खूण आहे, की सरळ नाव दिसतंय? नुसता नंबर किंवा `~` म्हणजे तो माणूस तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये नाही. `~` पुढचं नाव त्याने स्वतःच्या प्रोफाइलला दिलेलं असतं. सरळ नाव, तेही तुम्हीच कधीतरी टाइप केलेलं, म्हणजे तो नंबर तुमच्याकडे सेव्ह आहे.

मावशीच्या तिन्ही ग्रुपमध्ये ओळीत एकच नाव होतं: ‘प्लंबर नवीन’.

तीन वर्षांपूर्वी बाथरूमचा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस. एकदा आला, काम केलं, गेला. नंबर राहिला. आता तो आणखी काही उद्योग करत होता आणि त्याच्याकडच्या जुन्या ग्राहकांचे नंबर ग्रुपमध्ये भरत होता. मावशीला त्याचा चेहराही आठवत नव्हता. पण ॲपच्या लेखी तो तिचा ‘कॉन्टॅक्ट’ होता, आणि ‘माझ्या कॉन्टॅक्टनी मला ॲड केलं तर चालेल’ असं आम्ही स्वतःच सांगून ठेवलं होतं. सेटिंग अगदी बरोबर काम करत होतं.

`My contacts` वाचल्यावर आपल्या डोक्यात ‘माझ्या ओळखीची माणसं’ येतात. ॲपला ओळख कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की हा नंबर तुमच्या यादीत सेव्ह आहे की नाही. त्या माणसाने तुमचा नंबर सेव्ह केलाय का, तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं, कधी झालं तरी होतं का, यातलं काहीही मोजलं जात नाही. यादी तुमची, दिशा एकच.

हे एकदा नीट बसलं, की उलट्या बाजूची तक्रारही सुटते. `Profile photo` ला `My contacts` ठेवलेलं असतं आणि एखादी मैत्रीण म्हणते, “तुझा फोटोच दिसत नाही मला, ब्लॉक केलंस का?” तिने तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो, तुम्ही तिचा नवा नंबर अजून सेव्ह केलेला नसतो. त्यामुळे तुमच्या फोटोच्या जागी तिला रिकामं करडं वर्तुळ दिसतं. `Last seen` चंही तसंच. तिचा नंबर सेव्ह करा, काम झालं.

आता उपाय. मावशीच्या फोनवर माझा पहिला उपाय चुकला होता, आणि बहुतेक लोक तिथेच चुकतात, म्हणून तोही सांगतो.

`Groups` मध्ये तीन पर्याय आहेत: `Everyone`, `My contacts` आणि `My contacts except…`. `Nobody` नाही. २०१९ साली हे सेटिंग आलं तेव्हा सुरुवातीला तो पर्याय होता, नंतर त्याच वर्षी त्याच्या जागी `My contacts except…` आलं. मग लोक एक युक्ती करतात. `My contacts except…` उघडायचं, सगळ्या नावांवर एकदम टिक करायची आणि सेव्ह करायचं. सगळेच वगळले म्हणजे कुणीच ॲड करू शकत नाही. मीही मावशीला हेच करून दिलं. तीनशेच्या वर नावं होती, सगळी वगळली. दोन आठवडे शांतता होती.

पंधराव्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी करड्या ओळीत ‘मीना योगा’ होतं. त्याच आठवड्यात मावशीने योगाच्या वर्गाची चौकशी करून हा नंबर सेव्ह केला होता.

वगळलेल्यांची यादी ही तुम्ही टिक केली त्या क्षणाची असते. त्या दिवशी जे नंबर होते तेवढेच तिच्यात जातात. उद्या सेव्ह केलेला नंबर कॉन्टॅक्टमध्ये येतो पण वगळलेल्यांत जात नाही, म्हणजे त्याला दार उघडं असतं. जी माणसं सारखे नवे नंबर सेव्ह करतात, त्यांना वाटतं सेटिंग दर महिन्याला बिघडतंय. खरं तर महिन्याभरात त्यांनी दहा-बारा नवी दारं उघडलेली असतात. तीच गत दोन नंबर असलेल्या माणसाची. एखाद्या नातेवाइकाला तुम्ही वगळलंत, नंतर त्याने नवा नंबर घेतला आणि तुम्ही तो त्याच्याच नावाखाली जोडलात, तर नवा नंबर वगळलेला नाही. वगळणं माणसाला लागत नाही, नंबरला लागतं.

तेव्हा ‘सगळे वगळा’ ही युक्ती चालते, पण ती पाळावी लागते. नवा नंबर सेव्ह केला की `My contacts except…` उघडून टिक तपासायची. एखाद्या जागरूक माणसाला हे जमेल. मावशीला जमलं नाही, आणि तिने ते का जमवावं, असंही मला वाटतं. तिच्यासाठी दुसरा रस्ता जास्त टिकाऊ निघाला: सेटिंग `My contacts` वर ठेवायचं आणि कॉन्टॅक्टची यादीच खरी करायची.

एका रविवारी आम्ही दोघं बसलो. तीनशे नावांतली एकशे सत्तर काढली. जुनी दुरुस्तीची माणसं, पार्सल देऊन गेलेले, एका प्रवासापुरते सेव्ह केलेले ड्रायव्हर, ‘बँक मॅडम’, ‘बँक मॅडम २’. ज्यांचा नंबर जवळ असायला हवा पण ज्यांनी फोटो बघावा किंवा ग्रुपमध्ये ॲड करावं असं वाटत नाही, त्यांचे नंबर फोनमधल्या नोट्समध्ये नावासकट लिहून ठेवले. नोट्समधल्या नंबरला ॲप कॉन्टॅक्ट मानत नाही, आणि लागला तर तिथून कॉल करता येतो. हे मी आता सगळ्यांना सांगतो. दुरुस्तीवाल्याचा नंबर नोट्समध्ये, माणसांचे नंबर कॉन्टॅक्टमध्ये.

काढलेला नंबर परत येतो, हाही अनुभव येईल. अँड्रॉइड फोनमध्ये कॉन्टॅक्ट बहुधा गूगल खात्यात साठवलेले असतात. फोनवर दोन खाती असतील आणि तोच नंबर दोन्हींत असेल, तर एकातून काढला तरी दुसऱ्यातला शिल्लक राहतो. शिवाय कॉन्टॅक्ट ॲपमध्ये फक्त एका खात्याची नावं दाखवायची सोय असते. ती चालू असेल तर दुसऱ्या खात्यातला नंबर डोळ्यांना दिसत नाही, पण फोनमध्ये असतो. म्हणून नावं काढायला बसण्यापूर्वी कॉन्टॅक्ट ॲपमध्ये सगळी खाती एकत्र दिसतायत ना, ते बघा. २०२४ च्या शेवटी आणखी एक गोष्ट आली: व्हॉट्सॲपच्या आतूनच नंबर सेव्ह करता येतो आणि तो फोनच्या यादीत न पाठवता फक्त तिथेच ठेवता येतो. असा नंबर फोनच्या यादीत कितीही शोधलात तरी सापडणार नाही, तो ॲपमधूनच काढावा लागतो.

नावं काढून झाली की अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमध्ये नवी चॅट सुरू करायच्या पानावर जा, तीन टिंबांच्या मेनूत `Refresh` दाबा. मग ज्याला काढलं त्याची जुनी चॅट बघा. वर नावाऐवजी नंबर दिसला, तर तो खरंच गेला. अजून नाव दिसत असेल तर तो कुठल्यातरी खात्यात उरला आहे, त्याचा शोध घ्या. ही तपासणी माझ्या मते सगळ्यात खात्रीची आहे, कारण इथे ॲप स्वतःच सांगतं की तो तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये आहे की नाही.

प्लंबरचं पुढे काय झालं, तेही सांगतो. यादीतून गेल्यावर त्याने पुन्हा ॲड करायचा प्रयत्न केला असणार, कारण मावशीला त्याच्याकडून ग्रुपचं आमंत्रण आलं. सेटिंग आड आलं की ॲड करणाऱ्याला ‘यांना थेट ॲड करता येत नाही, खासगी आमंत्रण पाठवा’ असा पर्याय मिळतो. ते आमंत्रण तुमच्या चॅटमध्ये साध्या मेसेजसारखं येतं आणि तीन दिवसांत बाद होतं. काही न करता सोडून दिलं तर तुम्ही ग्रुपमध्ये जात नाही, तुमचा नंबर तिथल्या बाकीच्यांना दिसत नाही. मावशी घाबरली होती, “परत आलं की!” म्हणाली. मी म्हटलं, “मावशी, हे आलं म्हणजेच आपलं काम झालंय. आता तुला विचारल्याशिवाय नेता येत नाही त्याला.”

इथे सेटिंगची हद्द संपते. कुणी ग्रुपची लिंक पाठवली आणि तुम्ही स्वतः ती दाबून आत गेलात, तर `Groups` मधला कुठलाच पर्याय तुम्हाला अडवणार नाही.

आता बाकीची तीन सेटिंग. फोटो आणि `Last seen` याच यादीवर चालतात, म्हणून यादी साफ केली की त्यांचं निम्मं काम आपोआप होतं. त्यांना `Nobody` हा पर्यायही आहे. फरक देवाणघेवाणीचा आहे. फोटो लपवला तरी इतरांचे फोटो तुम्हाला दिसत राहतात, त्यांनी लपवले नसतील तर. `Last seen` लपवलंत, की इतरांचंही तुम्हाला दिसणं बंद होतं. `My contacts except…` वापरून एकाच माणसापासून लपवलंत, तर त्या माणसाचं तुम्हाला दिसत नाही, बाकीच्यांचं दिसतं. “सगळ्यांचं लास्ट सीन एकदम गायब झालं, ॲप बिघडलं” असं म्हणणाऱ्याचं स्वतःचं `Nobody` झालेलं असतं, हे मी कितीदा पाहिलंय.

`Last seen` बंद केलं तरी ‘ऑनलाइन’ दिसतं, ही त्याच पानावरची दुसरी तक्रार. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ऑनलाइन’ म्हणजे या क्षणी ॲप तुमच्यासमोर उघडं आहे आणि नेट चालू आहे. `Last seen and online` या पानावर खाली त्याचा स्वतंत्र प्रश्न आहे, २०२२ साली आलेला, आणि त्याला दोनच उत्तरं आहेत: `Everyone` किंवा `Same as last seen`. वरचं `Nobody` करून खालचं `Everyone` ठेवलंत, तर रात्री दोन वाजता तुम्ही जागे आहात हे दिसणारच. खाली `Same as last seen` करा. अर्ध्यावर सोडलेलं हे एक सेटिंग बऱ्याच घरांत नको त्या चौकशा सुरू करतं.

निळ्या खुणांचं, म्हणजे `Read receipts` चं, मात्र यादीशी काही देणंघेणं नाही. ते चालू किंवा बंद, एवढंच. कुणाला दाखवू, कुणाला नको, अशी निवड नाही. बंद केलंत तर तुम्हालाही इतरांच्या निळ्या खुणा दिसत नाहीत, आणि तुमचं स्टेटस कुणी पाहिलं तेही कळत नाही. पुष्कळ जण इथे अडकतात: स्टेटस बघणाऱ्यांची यादी रिकामी दिसायला लागते आणि त्यांना वाटतं आपलं स्टेटस कुणापर्यंत पोचतच नाही.

आणि बंद करूनही ते दोन ठिकाणी चालूच राहतं. ग्रुपमध्ये तुम्ही मेसेज वाचलात, की पाठवणाऱ्याला त्या मेसेजच्या माहितीत तुमचं नाव ‘वाचलं’च्या खाली दिसतं. तिथे ते बंद करायची सोय नाही. ग्रुप दोघांचा असला तरी तो ग्रुपच. दुसरं म्हणजे व्हॉइस मेसेज. तुम्ही तो ऐकलात की समोरच्याकडे माइकचं चिन्ह निळं होतं, मग सेटिंग काहीही असो. “मी निळ्या खुणा बंद केल्यात, तरी त्याला कसं कळलं?” असं कुणी विचारलं, की मी आधी हेच विचारतो: मेसेज ग्रुपवर होता का, की आवाजाचा होता? या दोनपैकी एक नसेल, तर बहुतेक वेळा उत्तर असं निघतं, की तो मेसेज सेटिंग बदलण्याआधीच वाचलेला होता. निळी झालेली खूण परत करडी होत नाही.

एक कारण सगळ्यात शेवटी तपासायचं, कारण ते क्वचितच असतं. फोनवर व्हॉट्सॲपचे दोन नंबर चालवत असाल, तर प्रत्येक खात्याची प्रायव्हसी स्वतंत्र असते. पहिल्यावर सगळं बंद करून दुसऱ्यावर विसरून गेलेली माणसं मला भेटली आहेत. ग्रुपमध्ये कुठल्या नंबरला ॲड केलंय ते बघा आणि त्याच खात्यातलं सेटिंग तपासा.

तपासणी कशी करावी, तर तुमच्या यादीत नसलेल्या फोनवरून. लोक नवऱ्याच्या किंवा बायकोच्या फोनवरून बघतात, फोटो दिसतो, आणि सेटिंग चालत नाही असा निष्कर्ष काढतात. ती व्यक्ती यादीत आहे, तिला दिसणारच. तुमचा नंबर माहीत असलेला पण तुमच्याकडे सेव्ह नसलेला कुणीतरी शोधा. त्याला तुमची चॅट उघडायला सांगा. फोटोच्या जागी करडं वर्तुळ असेल आणि नावाखाली वेळ दिसत नसेल, तर झालं. एखाद्या जुन्या ओळखीच्या फोनवर तुमचा आधीचा फोटो अजून दिसत असेल, तर तो त्याच्या फोनने पूर्वी साठवलेला असू शकतो, त्यामुळे अशा फोनवरून निकाल लावू नका. मग त्याच माणसाला सांगा, एक रिकामा ग्रुप करून तुम्हाला ॲड करून बघ म्हणून. त्याच्या पडद्यावर आमंत्रण पाठवायचा प्रश्न आला तर `Groups` नीट बसलंय. तुम्ही थेट आत गेलात, तर त्याचा नंबर कुठल्यातरी खात्यात सेव्ह आहे.

मावशीची तपासणी मी माझ्या एका सहकाऱ्याच्या फोनवरून केली. आमंत्रण आलं, करडं वर्तुळ दिसलं, ‘ऑनलाइन’ दिसलं नाही. त्या गोष्टीला आता पाच महिने झाले. या काळात तिने सतरा नवे नंबर सेव्ह केले. ते बघायला मी तिचा फोन मागितला, तर सतरापैकी अकरा तिने स्वतःच नोट्समध्ये हलवले होते.